वजन तेच, चरबीची जागा वेगळी : मुलांच्या आरोग्याचे एक दुर्लक्षित माप

नोएडा : शाळेतील आरोग्य तपासणीत मुलाची उंची आणि वजन नोंदवले जाते. या दोन आकड्यांवरून बॉडी मास इंडेक्स म्हणजे बीएमआय काढला जातो आणि मूल कृश, योग्य की स्थूल हे ठरते. शरीरातील चरबी नेमकी कोठे साठली आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र या तपासणीत मिळत नाही. पोट आणि पाठीवर साठलेली चरबी आणि हातापायांवर साठलेली चरबी यांचा आरोग्यावर होणारा परिणाम सारखा नसतो. भारतीय मुलांच्या बाबतीत हा फरक विशेष महत्त्वाचा आहे, हे पुण्यात झालेल्या दीर्घकालीन संशोधनातून पुढे आले. त्या संशोधनात वापरलेले एक साधन अगदी साधे होते. त्वचेची चिमूट धरायची, तिची जाडी मोजायची आणि धडावरील जाडीला हातापायांवरील जाडीने भागायचे. या भागाकाराला धड-हातपाय त्वचाघडी गुणोत्तर म्हणतात.

हे गुणोत्तर काढायला सोपे असले, तरी त्याचा अर्थ लावणे तितके सोपे नाही. ते नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घेण्यासाठी आधी ते कसे मोजतात हे पाहणे आवश्यक आहे.

चिमूट कोठे आणि कशी धरतात

त्वचेखाली चरबीचा एक थर असतो. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत त्वचा व हा थर उचलून स्नायूपासून अलग केला की एक घडी तयार होते. या घडीत त्वचेचे दोन पदर आणि चरबीचे दोन पदर असतात. कॅलिपर नावाच्या चिमट्यासारख्या उपकरणाने तिची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली जाते. संशोधनात हार्पेन्डेन कॅलिपरचा वापर दीर्घकाळ होत आला आहे. त्याचे जबडे घडी कितीही जाड असली तरी दर चौरस मिलिमीटरला सुमारे १० ग्रॅम एवढाच दाब देतात आणि त्याच्या तबकडीवर ०.२ मिलिमीटरपर्यंतच्या खुणा असतात. स्थिर दाब हा या उपकरणाचा प्राण होय. दाब बदलला, तर एकच घडी एकदा जाड आणि एकदा पातळ भरेल.

सर्वसाधारणपणे चार जागा घेतल्या जातात. हातावर दोन : दंडाची मागची बाजू आणि दंडाची पुढची बाजू. धडावर दोन : खवाट्याच्या खालच्या टोकाच्या लगेच खाली आणि कमरेच्या हाडाच्या कडेच्या वर, कुशीच्या रेषेवर. काही अभ्यासांत पोट, मांडी किंवा पोटरी यांचीही भर घातली जाते. मोठ्या सर्वेक्षणांत वेळ वाचवण्यासाठी अनेकदा खवाट्याखालची आणि दंडाच्या मागची एवढ्या दोनच घड्या मोजतात. पहिलीला दुसरीने भागले की गुणोत्तराचे सर्वांत छोटे रूप मिळते.

जागा अंदाजाने ठरवून चालत नाही. खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांच्यामधील अंतर टेपने मोजून बरोबर मध्यावर पेनाने खूण करतात आणि दंडाच्या मागची घडी त्या खुणेवर उभी धरतात. खवाट्याखालची घडी मात्र तिरपी, त्वचेच्या नैसर्गिक वळणानुसार खाली आणि बाहेरच्या दिशेने धरली जाते. कॅलिपरचे जबडे सोडल्यानंतर आकडा हळूहळू खाली येत राहतो, कारण दाबामुळे चरबीतील द्रव बाजूला सरकतो. म्हणून जबडे सोडल्यापासून किती सेकंदांनी आकडा वाचायचा, हे आधी ठरवून घ्यावे लागते. काही पद्धतींत हा काळ दोन सेकंदांचा, तर काहींत चार सेकंदांपर्यंतचा असतो. शरीराची एकच बाजू सर्वांसाठी वापरली जाते आणि प्रत्येक जागेचे किमान दोन वेळा मापन होते.

दोन मुलींचे उदाहरण

समजा, अकरा वर्षांच्या दोन मुली आहेत. दोघींची उंची आणि वजन सारखे, त्यामुळे बीएमआयही सारखाच. पहिल्या मुलीच्या दंडाच्या मागची घडी १४ मिलिमीटर, पुढची ८, खवाट्याखालची ११ आणि कमरेवरची ११ भरली. दुसऱ्या मुलीची हीच मापे अनुक्रमे १०, ६, १४ आणि १४ अशी आली.

चारही मापांची बेरीज दोघींच्या बाबतीत ४४ मिलिमीटरच आहे. म्हणजे त्वचेखालील चरबीचे एकूण प्रमाण पाहिले, तरी दोघींत फरक दिसत नाही. आता धडाला हाताने भागू या. पहिल्या मुलीच्या धडाची बेरीज २२ आणि हाताची बेरीज २२, म्हणून गुणोत्तर १.०. दुसऱ्या मुलीच्या धडाची बेरीज २८ आणि हाताची १६, म्हणून गुणोत्तर १.७५. वजनकाट्याला, बीएमआयला आणि घड्यांच्या एकूण बेरजेला न दिसलेला फरक येथे उघड होतो. दुसऱ्या मुलीची चरबी धडाकडे अधिक झुकलेली आहे.

हा झुकाव का पाहायचा, याचे मूळ गेल्या शतकाच्या मध्यात आहे. फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य झाँ व्हाग यांनी १९४७ मध्ये स्थूलतेचे दोन प्रकार वर्णन केले. एका प्रकारात चरबी शरीराच्या वरच्या भागात साठते, तर दुसऱ्यात नितंब आणि मांड्यांवर. मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार यांचा संबंध पहिल्या प्रकाराशी अधिक आहे, हे त्यांनी मांडले. त्यांच्या या निरीक्षणाला व्यापक मान्यता मिळण्यास अनेक वर्षे लागली. पुढील संशोधनात असे दिसले की, धडावरील, विशेषतः पोटाच्या आतील चरबीचा इन्शुलिनच्या कार्यात येणाऱ्या अडथळ्याशी निकटचा संबंध आहे. याउलट प्रौढांत नितंब आणि मांड्यांवरील चरबी बहुतांशी निरुपद्रवी, किंबहुना काही प्रमाणात संरक्षक ठरते. ती रक्तातील जादा मेदाम्ले साठवून घेते आणि यकृत व स्नायूंवरील भार कमी करते.

पुण्यातील आठ वर्षांची मुले

भारतीय मुलांच्या संदर्भात या मापाला अर्थ प्राप्त झाला तो पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधनामुळे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखालील गटाने रुग्णालयात जन्मलेल्या, ज्यांच्या जन्मवजनाची नोंद उपलब्ध होती अशा मुलांचा पाठपुरावा केला. जन्माच्या वेळी लहानखुऱ्या असलेल्या बाळांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो, हा विचार इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी मांडला होता. भारतात कमी वजनाची बाळे मोठ्या संख्येने जन्मतात आणि प्रौढांत मधुमेहही मोठ्या प्रमाणावर आढळतो. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध आहे का, हा पुण्यातील गटापुढचा प्रश्न होता.

डॉ. आशिष बावडेकर, डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी आठ वर्षांच्या ४७७ मुलांची तपासणी केली आणि निष्कर्ष १९९९ मध्ये 'डायबेटिस' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. मुलांना ग्लुकोज देऊन रक्तातील साखर आणि इन्शुलिन मोजण्यात आले, रक्तदाब व कोलेस्टेरॉल तपासण्यात आले आणि त्वचेच्या घड्याही मोजण्यात आल्या. आजचे वजन, वय आणि लिंग यांचा प्रभाव हिशेबातून वगळल्यावर असे आढळले की, जन्मवजन जितके कमी, तितके खवाट्याखालच्या घडीचे दंडाच्या घडीशी असलेले गुणोत्तर जास्त. इन्शुलिनच्या कार्यातील अडथळा आणि एकूण कोलेस्टेरॉल यांचा कलही त्याच दिशेचा होता. धोक्याची ही लक्षणे सर्वांत जास्त कोणत्या मुलांत दिसली? जी जन्मतः हलकी होती आणि आठव्या वर्षी ज्यांच्या अंगावर चरबी जास्त होती, त्यांच्यात.

येथे 'आजचे वजन हिशेबातून वगळल्यावर' या शब्दांकडे लक्ष देणे आवश्यक आहे. त्यांचा अर्थ असा की, आठव्या वर्षी सारख्याच वजनाच्या दोन मुलांची तुलना केली जात आहे. त्यांतील एक जन्मतः हलके होते, दुसरे नव्हते. हलके जन्मलेले मूल त्या वजनापर्यंत पोहोचण्यासाठी अधिक वेगाने वाढले असणार. त्यामुळे निष्कर्ष केवळ 'लहान जन्मणे वाईट' एवढा नसून, 'लहान जन्मून नंतर भरभर वजन मिळवणे' या वाटेविषयीचा आहे. सुरुवात आणि नंतरची वाढ यांतील कोणाचा वाटा किती, हे अशा आकडेमोडीतून पूर्णपणे वेगळे करता येत नाही.

ही वाट दिल्लीतही दिसली. दक्षिण दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांची जन्मापासून वारंवार मापे घेण्यात आली होती. त्यांच्यापैकी १,४९२ जण २६ ते ३२ वर्षांचे असताना तपासले गेले आणि त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना मधुमेह किंवा त्याच्या आधीची अवस्था होती, ते वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तुलनेने बारीक होते आणि त्यानंतर त्यांचा बीएमआय सातत्याने वर चढत गेला होता. याच गटाच्या नंतरच्या विश्लेषणात असेही दिसले की, बाल्यावस्थेच्या पहिल्या काळात मिळवलेले वजन प्रौढपणी स्नायूंशी अधिक जोडलेले असते, तर बालपणाच्या उत्तरार्धात आणि पौगंडावस्थेत मिळवलेले वजन चरबीशी आणि तिच्या धडाकडील झुकावाशी.

जन्मतःच दिसणारा झुकाव

धडाकडे झुकणारी ही ठेवण आहार आणि बैठ्या सवयींमुळे नंतर येते, की ती जन्मतःच असते? याचे उत्तर शोधण्यासाठी याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील स्त्रियांची नोंद गरोदरपणाच्या आधीच सुरू केली. पुणे मातृपोषण अभ्यास या नावाने ते काम ओळखले जाते. या स्त्रियांच्या नवजात बाळांची तुलना साउदॅम्प्टनमधील बाळांशी करण्यात आली.

गावांतील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो होते. सर्वच मापांत पुण्याची बाळे लहान होती, पण सारख्या प्रमाणात नव्हे. वेगवेगळ्या मापांची तुलना करण्यासाठी संशोधक प्रत्येक मापातील फरक प्रमाण विचलनाच्या एककात मांडतात. म्हणजे इंग्लंडमधील बाळांमध्ये त्या मापाचा जो नेहमीचा पसारा असतो, त्याच्या किती पट मागे हे बाळ आहे, ते पाहतात. पोटाच्या घेरात पुण्याची बाळे २.३८ एककांनी मागे होती आणि दंडाच्या घेरात १.८२ एककांनी. खवाट्याखालच्या घडीत मात्र ती केवळ ०.५३ एककाने मागे होती. पोटाचा छोटा घेर यकृतासारख्या अवयवांच्या लहान आकाराकडे आणि दंडाचा छोटा घेर स्नायूंच्या कमतरतेकडे निर्देश करतो. पाठीवरची चरबी तेवढी जवळजवळ शाबूत राहिली होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने 'कृश पण मेदयुक्त भारतीय बाळ' ही संकल्पना जगापुढे ठेवली.

त्वचेच्या घडीवरून काढलेला हा निष्कर्ष नंतर अधिक नेमक्या साधनाने तपासला गेला. लंडनच्या डॉ. नीना मोदी आणि पुण्यातील गटाने लंडन व पुणे येथील नवजात बाळांच्या संपूर्ण शरीराचे एमआरआय चित्रण केले. पुण्याची बाळे वजनाने हलकी असूनही दोन्ही गटांतील चरबीचे एकूण प्रमाण जवळपास सारखे निघाले. पण पुण्याच्या बाळांत पोटाच्या भागातील चरबी, त्वचेखालची आणि आतलीही, जास्त होती. पोटाव्यतिरिक्त इतरत्र त्वचेखाली असलेली चरबी त्यांच्यात कमी होती.

याच शेवटच्या तपशिलात गुणोत्तराविषयीची सर्वांत महत्त्वाची सावधगिरी दडलेली आहे.

भागाकार काय लपवतो

अपूर्णांकाची किंमत दोन प्रकारे वाढते. वरची संख्या वाढली तरी वाढते आणि खालची कमी झाली तरी वाढते. धडावर चरबी चढली म्हणून गुणोत्तर वाढले, की हातापायांवरची चरबी उतरली म्हणून, हे केवळ गुणोत्तराकडे पाहून कळत नाही. वरील उदाहरणातील दुसऱ्या मुलीच्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. तिच्या धडावरची मापे पहिलीपेक्षा मोठी आणि हातावरची लहान आहेत. एमआरआयने पुण्याच्या बाळांत दाखवले तेही असेच दुहेरी चित्र होते. म्हणून गुणोत्तरासोबत मूळ मापे स्वतंत्रपणे दिलेली नसतील, तर अशा अहवालावरून फार काही निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरी गोष्ट, गुणोत्तर चरबीची वाटणी सांगते, प्रमाण सांगत नाही. एका सडपातळ मुलाच्या धडाच्या घड्यांची बेरीज १२ आणि हाताच्या घड्यांची १० मिलिमीटर असेल, तर गुणोत्तर १.२ येते. दुसऱ्या स्थूल मुलाच्या बेरजा ६० आणि ५० असतील, तर त्याचेही गुणोत्तर १.२च येते. पहिल्या मुलाची एकूण बेरीज २२ आणि दुसऱ्याची ११०. दोघांच्या आरोग्याविषयी एकच विधान करणे उघडच चुकीचे ठरेल. त्यामुळे जाणकार संशोधक घड्यांची एकूण बेरीज आणि गुणोत्तर ही दोन्ही मापे सोबत ठेवतात.

सडपातळ मुलांत आणखी एक अडचण येते. घडीत चरबीबरोबर त्वचेचेही दोन पदर असतात आणि पाठीची त्वचा दंडाच्या त्वचेपेक्षा जाड असते. अंगावर चरबी फारच कमी असेल, तर घडीच्या जाडीत त्वचेचा वाटा मोठा होतो आणि गुणोत्तर चरबीऐवजी काही अंशी त्वचेची जाडीच मोजू लागते.

तिसरी सावधगिरी वयाची. वयात येताना मुलग्यांच्या हातापायांवरची चरबी कमी होते, तर धडावरची टिकून राहते किंवा वाढते. त्यामुळे त्यांचे गुणोत्तर चढते. मुलींमध्ये या काळात हातपाय आणि धड दोन्हीकडे चरबी वाढते, म्हणून त्यांच्या गुणोत्तरातील बदल तेवढा तीव्र नसतो. चौदा वर्षांच्या मुलग्याचे गुणोत्तर दोन वर्षांत वाढले, तर ती बहुधा नैसर्गिक वाढीची खूण असते. एकाच वयाची दोन मुले वयात येण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असू शकतात, म्हणून केवळ वयानुसार केलेली तुलनाही दिशाभूल करू शकते. प्रौढांतही पुरुष आणि स्त्रिया यांना एकच पट्टी लावता येत नाही. सर्वांना लागू पडेल अशी धोक्याची एकच सीमारेषा या गुणोत्तरासाठी ठरलेली नाही, याचे हे एक प्रमुख कारण होय.

शेवटची मर्यादा उपकरणाची. कॅलिपरच्या जबड्यात केवळ त्वचेखालची चरबी येते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठणाऱ्या चरबीपर्यंत तो पोहोचत नाही. धडावरच्या घड्या आतल्या चरबीचा अंदाज देतात, पण तो अंदाजच असतो. अतिस्थूल व्यक्तींमध्ये तर घडी स्नायूपासून नीट अलगच होत नाही किंवा ती कॅलिपरच्या जबड्यात मावत नाही.

मापनातील चूक किती महागात पडते

दुसऱ्या मुलीच्या मापांकडे पुन्हा पाहू या. समजा, मापन करणाऱ्याने दंडाच्या मागची घडी खुणेपासून थोडी सरकवून धरली आणि १० ऐवजी ९ मिलिमीटर नोंदले. खवाट्याखाली आकडा थोडा लवकर वाचला आणि १४ ऐवजी १५ नोंदले. आता धडाची बेरीज २९ आणि हाताची १५, म्हणून गुणोत्तर १.९३ झाले. चुका उलट दिशेने झाल्या असत्या, तर २७ भागिले १७, म्हणजे १.५९ आले असते. दोन जागी एकेक मिलिमीटरच्या चुकीने एकाच मुलीचे गुणोत्तर १.५९ ते १.९३ या टप्प्यात कोठेही जाऊ शकते. घड्यांची बेरीज मात्र दोन्ही वेळा ४४च राहिली असती. बेरजेत विरुद्ध दिशेच्या चुका एकमेकींना पुसून टाकतात, भागाकारात त्या एकमेकींना बळ देतात.

वर उल्लेखलेल्या सडपातळ मुलात तर हीच चूक १.२चे १.४४ किंवा १.० करते. घड्या जितक्या पातळ, तितके गुणोत्तर डळमळीत.

चूक किती होत आहे, हे ओळखण्याची रीत ठरलेली आहे. एकाच निरीक्षकाने दहा मुलांची तीच घडी दोनदा मोजायची. प्रत्येक जोडीतील फरकाचा वर्ग करायचा, त्यांची बेरीज करून तिला जोड्यांच्या दुपटीने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. समजा, पाच मुलांत फरक ०.४ मिलिमीटर आणि पाच मुलांत ०.८ मिलिमीटर आला. वर्गांची बेरीज ४ होते. तिला २० ने भागले की ०.२ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ०.४५ मिलिमीटर. त्या घडीची सरासरी जाडी ९ मिलिमीटर असेल, तर ही चूक ५ टक्के झाली. दोन निरीक्षकांमधील फरकही याच रीतीने काढतात आणि तो सहसा एकाच निरीक्षकाच्या चुकीपेक्षा मोठा निघतो.

या हिशेबावरून मापाचा योग्य उपयोग कोणता, हेही स्पष्ट होते. शेकडो मुलांची सरासरी काढताना काहींच्या बाबतीत जास्त आणि काहींच्या बाबतीत कमी झालेल्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना भरून काढतात. म्हणूनच पुण्यातील ४७७ मुलांत जन्मवजन आणि गुणोत्तर यांचा संबंध दिसू शकला. एकाच निरीक्षकाची सवयच चुकीची असेल, उदाहरणार्थ तो दंडाची घडी नेहमी खुणेच्या वर धरत असेल, तर मात्र कितीही मुले मोजली तरी ती चूक नाहीशी होत नाही. दोन शहरांची किंवा दोन देशांची तुलना करताना निरीक्षकांना एकाच पद्धतीचे प्रशिक्षण देणे आणि त्यांची मापे अधूनमधून ताडून पाहणे यासाठीच अपरिहार्य असते.

एका मुलाच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे. १.० आणि १.७५ एवढा मोठा फरक मापनातील चुकीच्या पलीकडचा आहे. पण सहा महिन्यांत १.६चे १.७५ झाले, यावरून त्या मुलाची चरबी धडाकडे सरकली असे म्हणता येत नाही. तेवढा फरक हाताच्या बोटांमुळेही पडू शकतो.

पालक आणि डॉक्टरांसाठी अर्थ

बीएमआय अपुरा का पडतो, याचे एक बोलके उदाहरण स्वतः याज्ञिक यांचे आहे. त्यांनी आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपले छायाचित्र आणि मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. हा फरक चरबीच्या प्रमाणाचा होता. तिच्या जागेचा फरक हा त्यापुढचा प्रश्न आहे आणि तेथे घड्यांचे गुणोत्तर उपयोगी पडते.

तरीही दवाखान्यात प्रत्येक मुलाचे हे गुणोत्तर काढावे, असे त्यातून निष्पन्न होत नाही. त्यासाठी प्रशिक्षित हात, तपासलेला कॅलिपर आणि वय व लिंगानुसार योग्य संदर्भमापे लागतात. प्रत्यक्ष तपासणीत कमरेचा घेर हे अधिक सोयीचे माप आहे. ते साध्या टेपने घेता येते, त्यात पोटाच्या आतील चरबीचाही वाटा येतो आणि भागाकारातून वाढणारी चूक टळते. भारतीय प्रौढांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर या सीमारेषा तज्ज्ञांनी सुचवलेल्या आहेत. मुलांसाठी वय आणि लिंगानुसार तक्ते वापरावे लागतात.

त्वचाघडी गुणोत्तराचे स्थान लोकसंख्येच्या अभ्यासात आहे. केंद्र सरकारच्या २०१६ ते २०१८ या काळातील सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांच्या दंडामागच्या आणि खवाट्याखालच्या घड्या मोजण्यात आल्या. हीच दोन मापे गुणोत्तराच्या छोट्या रूपाला पुरेशी असतात. कॅलिपर वीज न लागणारा आणि पिशवीत मावणारा असल्याने जेथे एमआरआय पोहोचू शकत नाही, त्या गावातही चरबीच्या वाटणीची नोंद घेता येते.

पालकांच्या दृष्टीने यातून हाती येणारी गोष्ट आकड्यापेक्षा वेगळी आहे. कमी वजनाचे जन्मलेले मूल पुढे हातापायांनी बारीक राहून पोट आणि पाठीवर भरू लागले, तर बीएमआय योग्य मर्यादेत असला तरी डॉक्टरांना त्याचे जन्मवजन आणि वाढीचा तक्ता दाखवणे इष्ट ठरते. जन्माच्या वेळच्या वजनाची नोंद असलेले कार्ड आठव्या किंवा अकराव्या वर्षीही उपयोगाचे असते, कारण आजचे वजन मूल कोणत्या वाटेने येथवर आले हे सांगत नाही.